बस थांबा आणि टपरीचा रेंडर: माणसं खुजी का दिसताहेत? सल्ला हवा

पाऊलखूण
ब्लेंडरमध्ये एक सीन करतेय. बस थांब्याचा निवारा, शेजारी टपरी, एक बाकडं, कचरापेटी, दिव्याचा खांब, फुटपाथची कड आणि सात-आठ माणसं. निवारा ४ मीटर लांब आणि १.५ मीटर खोल आहे, छत पुढून २.४ मीटरवर. टपरी २ बाय २ मीटर, तिचा कट्टा १.०५ मीटर उंच. फुटपाथ ३ मीटर रुंद. कॅमेरा रस्त्यावर, १.६ मीटर उंचीवर, लेन्स ३५ मिमी.

सगळी मापं खरी घेतली आहेत, तरीही चित्र खेळण्यातलं वाटतं. माणसं निवाऱ्याखाली हरवून जातात. माणसं कशी बसवायची आणि कर्ब किती उंच ठेवायचा, हे कुणी अनुभवातून सांगाल का? दोन आठवडे याच्याशी झटतेय.

काचपेटी
लेन्स बदला. ३५ मिमीने जवळच्या वस्तू फुगतात आणि लांबच्या आक्रसतात. कॅमेरा मागे न्या, ८५ मिमी लावा. फोकसच्या मागेपुढे धूसरपणा ठेवला असेल तर तोही काढा, त्याने हमखास खेळण्याचा भास होतो.

गवंडीकाम
निवारा उघड्यावर असेल तर छताला पन्हळी पत्रा घ्या आणि उतार मागच्या बाजूला द्या, म्हणजे पाणी थांबलेल्या लोकांवर पडणार नाही. खांबाच्या तळाशी पट्टी आणि चार बोल्ट. पाया किती खोल घेताय?

पाऊलखूण
@गवंडीकाम, बांधायचा नाहीये, चित्रच करायचंय. पण उताराची दिशा मी उलटी घेतली होती, ती आता बदलते. आभार.
@काचपेटी, धूसरपणा काढला, फरक पडला. पण ८५ मिमीने निवारा सपाट दिसतो आणि माणसं तरीही खुजीच.

क्षितिजरेषा
काचपेटींचं धूसरपणाबद्दलचं म्हणणं बरोबर आहे. लेन्सचा मात्र इथे दोष नाही. एकाच अंतरावर शेजारी उभ्या असलेल्या माणसाचं आणि खांबाचं प्रमाण लेन्सने बदलत नाही. माणूस खांबापेक्षा खुजा दिसत असेल तर तो सीनमध्येच खुजा आहे.

दोन गोष्टी सांगा. तुमचा कर्ब किती उंच आहे? आणि माणसांची उंची कशी ठरवली?

पाऊलखूण
कर्ब ३०० मिमी आहे, कमी ठेवला तर रेंडरमध्ये दिसतच नव्हता. माणसांचं म्हणाल तर एका शिकवणीत ऐकलं होतं की कॅमेरा डोळ्यांच्या उंचीवर असेल तर सगळ्यांचे डोळे क्षितिजावर येतात. म्हणून प्रत्येकाला तसं लहानमोठं करून जुळवलं.

क्षितिजरेषा
मग गाठ तिथेच आहे. तो नियम खरा आहे, पण कॅमेरा आणि माणसं एकाच पातळीवर उभी असतील तेव्हाच. तुमचा कॅमेरा रस्त्यावर आहे आणि माणसं ३०० मिमी वर, फुटपाथवर.

हिशेब करून बघा. क्षितिज रस्त्यापासून १.६ मीटरवर, म्हणजे फुटपाथपासून १.३ मीटरवर. डोळे तिथे आणायचे म्हणजे माणूस साधारण १.३८ मीटरचा होतो. ही दहा वर्षांच्या मुलाची उंची झाली. एखादी आकृती निवडून N दाबा. मूळ मॉडेल १.६५ मीटरचं आणि Scale १ असेल, तर आता तिथे ०.८४ च्या आसपास दिसेल.

पुरावा चित्रातच सापडेल. टपरीचा कट्टा उभ्या माणसाच्या कोपरापाशी यायला हवा, तुमच्याकडे तो काखेत जात असणार. ४५० मिमीच्या बाकड्यावर बसलेल्याचे पाय जमिनीला टेकत नसणार.

उपाय असा: कर्ब १५० मिमी करा, माणसांना मूळ उंची द्या आणि पावलं फुटपाथच्या पृष्ठभागावर ठेवा. मग क्षितिजरेषा १.६५ मीटरच्या माणसाच्या हनुवटीजवळून जाईल. माणूस कॅमेऱ्याजवळ असो की पन्नास मीटर दूर, सपाट फुटपाथवर ती तिथूनच जाणार. रस्ता ओलांडणाऱ्याचे डोळे मात्र क्षितिजाच्या किंचित खाली येतील. काही उंच आणि काही बुटकी माणसं ठेवा, सगळे एका रेषेत आले की कवायत वाटते.

गवंडीकाम
आता विषय कळला. कर्ब दिसत नाही म्हणून उंच करू नका. खरा कर्ब उंचीमुळे डोळ्यांत भरत नाही. तो साधारण मीटरभर लांबीच्या दगडांचा असतो, मध्ये बोटभराहून कमी फट, तिच्यात माती आणि गवताची काडी. वरची कड कधीच धारदार नसते, गोल मारलेली असते आणि टायर घासून काळी पडलेली. थांब्यासमोर तर हमखास. तुम्ही बहुतेक एक लांबलचक ठोकळा ठेवलाय.

पाऊलखूण
हो, ठोकळाच आहे. कडेला किती गोलाई देऊ?

गवंडीकाम
आम्ही २० मिमीच्या आसपास मारतो. एखादा दगड दोन-तीन मिमी पुढे सरकलेला ठेवा, बसच्या धक्क्याने तसं होतंच.

सावलीचा_माग
माझ्या एका कामात असंच झालं होतं. माणसं बरोबर होती आणि तरी चौक खेळण्यासारखा. दोष निघाला डांबराच्या टेक्स्चरमध्ये. तो फोटो २ मीटर रुंदीचा होता आणि मी तो ६ मीटरवर ताणला होता. १२ मिमीची खडी ३६ मिमीची दिसत होती. १५० मिमीच्या कर्बच्या उंचीत असे चारच खडे बसतात, म्हणजे डोळा कर्बलाच छोटा समजतो. तुमचं टेक्स्चर किती मीटरवर बसवलंय ते बघा.

पाऊलखूण
सगळं करून पाहिलं. डांबर माझंही ताणलेलंच होतं, ५ मीटरवर. ते २ मीटरवर आणलं आणि रस्ता एकदम रुंद वाटायला लागला. कर्ब १५० मिमीचा, दगड वेगळे, कडेला गोलाई. गोल कडेवर उन्हाची बारीक रेघ पडते आणि त्या एका रेघेने कर्ब लांबूनही दिसतो. उंची वाढवायची गरजच नव्हती.

एक गडबड झाली, इतरांच्या उपयोगाची आहे. Scale परत १ करायला सगळी माणसं निवडून Alt+S दाबलं. त्यातल्या दोघांचा मूळ Scale ०.०१ होता, ते शंभरपट मोठे झाले. आधी प्रत्येकाचे Dimensions बघा, मग हात लावा.

आता कट्टा बरोबर कोपराशी येतो. निवाराही मोठा वाटत नाही.

क्षितिजरेषा
छान. आता वरून बघा. फुटपाथ ३ मीटर, निवारा १.५ मीटर खोल. छताची कड कर्बपासून किती आत आहे?

पाऊलखूण
अगदी कर्बवरच.

क्षितिजरेषा
मग थांब्याला लागणाऱ्या बसचा आरसा छताला आपटेल. निवारा ६०० मिमी तरी आत घ्या. पण मग मागे चालायला ९०० मिमीच उरतात. तुमच्या चित्रात चालणारे लोक निवाऱ्यामागून जाताहेत, तिथे समोरासमोर आलेली दोन माणसं एकमेकांना ओलांडू शकत नाहीत.

काचपेटी
चित्रात एवढं कोण मोजतं? कोन थोडा फिरवला की मागची पट्टी दिसणारच नाही.

गवंडीकाम
रोज फुटपाथवरून चालणारा मोजत नाही, पण त्याला अडचण लगेच जाणवते. मी निवाऱ्याची खोली १.२ मीटर करेन आणि मागची भिंत काढून टाकेन.

क्षितिजरेषा
भिंत काढली तर तिरप्या पावसात आडोसा राहत नाही. मी थांब्यापुरता फुटपाथ रुंद करेन. मात्र मग कर्बची रेषा रस्त्यात येते आणि बस कुठे थांबते तेही पुन्हा मांडावं लागेल.

पाऊलखूण
दोन्ही करून बघते. टपरीचंही तेच दुखणं आहे. तिच्यासमोर दोन गिऱ्हाईकं उभी केली की चालणाऱ्याला रस्त्यावरच उतरावं लागतं. रविवारी तिन्ही रेंडर इथे टाकते.