इतिहासाच्या प्रकल्पाला मुदतवाढ मागणारं पत्र: तुमचे अनुभव

खिडकीतला बाक: काल भाची बाईंना मुदतवाढीचं पत्र लिहीत बसली होती, त्यावरून माझं आठवलं. विषय १९१८ची इन्फ्लुएंझाची साथ. एरवी फ्लूने लहान मुलं आणि म्हातारी माणसं जास्त दगावतात. त्या साथीत मात्र २० ते ४० वयाची धडधाकट माणसंही फार गेली. आमच्या भागात तसं झालं का, हे मृत्यू-नोंदवहीतल्या वयाच्या रकान्यातूनच कळणार होतं आणि नेमकी ती वही बांधणी उसवली म्हणून दुरुस्तीला गेलेली! सरांना लिहिलेलं असं:

"सप्टेंबरपर्यंतच्या नोंदी उतरवून झाल्या आहेत. पुढच्या महिन्यांची वही दुरुस्तीला असून सोमवारी मिळेल, असं अभिलेखागाराने लेखी कळवलं आहे. ते पत्र जोडलं आहे. साथीची घातक लाट त्याच महिन्यांतली असल्याने त्या वहीशिवाय वयाबद्दल काही म्हणता येणार नाही. पहिली दोन प्रकरणं आज देत आहे. उरलेलं त्यापुढच्या सोमवारी देण्याची परवानगी असावी. वही न आल्यास वर्तमानपत्रांवरून काम पुरं करेन आणि ही उणीव प्रकल्पात नोंदवेन."

मुदत मिळाली, पण मागितली त्याच्या निम्मीच. तुमचंही लिहा.

चहा_दुसरा: एवढं कोण लिहितं! आम्ही "प्रकृती अस्वास्थ्यामुळे", की झालं.

मास्तरीण: आम्हाला ते लगेच कळतं हो 😄 मी पत्रात एवढंच बघते, की अडलेलं साधन कोणतं आणि त्यावाचून कोणता प्रश्न अडतोय. वरच्या पत्रात दोन्ही आहे. वर्तमानपत्रांचं मात्र पटलं नाही. त्यांत नावाजलेल्यांच्याच मृत्यूच्या बातम्या वयासकट येतात, बाकीचे नुसते आकड्यांत. वयाचा प्रश्न त्यावरून सुटायचा नाही, प्रश्नच बदलावा लागला असता.

खिडकीतला बाक: सरही हेच म्हणाले होते. सुदैवाने वही आली.

रानपाखरू: साथ स्पेनमधून आली ना? मग तिथल्या नोंदी बघायच्या.

जुनी_शाई: नाव स्पॅनिश फ्लू, पण उगम तिथला असं नाही. स्पेन महायुद्धात तटस्थ होता. लढणाऱ्या देशांत बातम्यांवर सेन्सॉर, यांच्याकडे छापून येत होत्या, म्हणून नाव चिकटलं. तिथल्या नोंदींवरून यांच्या भागातलं कसं कळणार पण?

सांजवेळ: माझा प्रकल्प आजीच्या मुलाखतीवर होता आणि आजीच दवाखान्यात. मी पत्राला डॉक्टरांची चिठ्ठी जोडली, तर आई भडकली, घरातलं दुखणं कशाला दाखवायचं म्हणून. अजून कळत नाही कोण बरोबर.

मास्तरीण: चिठ्ठी नसती तरी चाललं असतं. आमच्याकडे काही जण मागतात मात्र.

जुनी_शाई: मागावीच. नाहीतर सगळ्यांच्याच आज्या आजारी पडतात.

सांजवेळ: 🙄 माझी खरंच होती हो.

हजेरीपट: रजेच्या अर्जाचा नमुना आहे का कुणाकडे? उद्याच द्यायचाय.

चहा_दुसरा: "प्रकृती अस्वास्थ्यामुळे" 😂