नफ्यातले कॉल: टप्प्याटप्प्याने विकावेत की एक्सपायरीपर्यंत धरावेत?

अमोल, सिडको: निफ्टीचे २५,००० चे चार लॉट कॉल मी ३०० ला घेतले होते. आज निफ्टी २५,५०० वर आहे, प्रीमियम ५६० झाला आहे आणि एक्सपायरीला आठ दिवस उरले आहेत. अर्धे विकावेत की सगळे शेवटपर्यंत ठेवावेत?

मनीषा, इंदिरानगर: आजच दोन लॉट विका. दोनचे ११२० पॉइंट हाती येतील आणि चारही लॉटची खरेदी १२०० ची होती, म्हणजे मुद्दल जवळजवळ सुटले. उरलेले दोन मग फुकटचे. ते शून्य झाले तरी झोप उडणार नाही.

रोहित, पंचवटी: मला हे पटत नाही, ताई. ऑप्शन खरेदी करणाऱ्याचे बरेचसे सौदे तोट्यात जातात आणि वर्षाचा हिशेब दोन-चार मोठ्या सौद्यांवर तरतो. तेच अर्ध्यावर कापले, तर लहान तोटे मात्र पूर्ण भरायचे आणि मोठा नफा अर्धाच घ्यायचा, असे होते. मी असतो तर चारही ठेवले असते.

जयंत, कॉलेज रोड: मनीषाताई, दोन विकण्याला माझी हरकत नाही, पण ‘फुकटचे’ म्हणण्याला आहे. उरलेल्या दोन लॉटची आजची बाजारातली किंमत ११२० पॉइंट आहे आणि ते शून्य झाले तर तेवढेच पैसे जातात. ते कितीला घेतले होते याच्याशी बाजाराला देणेघेणे नसते. रोहितरावांचे म्हणणे कॉल घेतला त्या दिवशी खरे होते, आज तितकेसे राहिलेले नाही. ५६० पैकी ५०० ही निव्वळ आतली किंमत आहे आणि टाइम व्हॅल्यू फक्त ६० ची. निफ्टी १०० पॉइंट हलला की हा कॉल साधारण ८५ पॉइंट हलेल, म्हणजे वागणे जवळपास फ्युचरसारखे झाले आहे. थोडे गमावून पुष्कळ मिळवण्याची जी सोय ३०० ला विकत घेतली होती, ती बहुतेक वापरून झाली आहे.

म्हणून तिसरी वाटही तपासावी: चारही कॉल ५६० ला विकून २५,५०० चे चार कॉल घ्यायचे, जे साधारण १९५ ला मिळावेत. लॉटमागे ३६५ पॉइंट मोकळे होतात. चार लॉटची बेरीज पाहा. एक्सपायरीला निफ्टी २५,००० वर आला, तर सगळे धरणाऱ्याचे पूर्ण १२०० जातात, अर्धे विकणाऱ्याचे ८० जातात आणि स्ट्राइक बदलणाऱ्याला २६० उरतात. २६,००० झाला, तर नफा अनुक्रमे २८००, १९२० आणि २२६० होतो.

रोहित, पंचवटी: आणि निफ्टी २५,५०० वरच थांबला तर? ते सोयीने गाळलेत. धरणाऱ्याला ८००, अर्धे विकणाऱ्याला ९२० आणि तुमच्या वाटेने जाणाऱ्याला फक्त २६०, कारण नव्या कॉलचे १९५ च्या १९५ आठ दिवसांत विरघळतात.

जयंत, कॉलेज रोड: बरोबर आहे. बाजार थांबेल असे वाटत असेल, तर माझी वाट तिन्हींत वाईट.

पिंपळगावकर: एक्सपायरीपर्यंत मुळीच ठेवू नका. माझ्या चुलतभावाने एका कंपनीच्या शेअरचा नफ्यातला कॉल असाच ठेवला आणि ब्रोकरने अख्ख्या लॉटच्या शेअर्सची रक्कम मागितली. द्राक्षांची पट्टी अजून आलेली नव्हती, मग धावपळ झाली.

जयंत, कॉलेज रोड: ते शेअरच्या ऑप्शनचे झाले, तिथे प्रत्यक्ष डिलिव्हरी होते आणि शेवटच्या दिवसांत मार्जिनही वाढत जाते. निफ्टीचा हिशेब रोखीत होतो, शेअर कोणी गळ्यात मारत नाही. मात्र अमोल, तो हिशेब साडेतीनच्या शेवटच्या भावाने होत नाही, शेवटच्या अर्ध्या तासाच्या सरासरीने होतो. तीन वाजून वीस मिनिटांनी निफ्टी एकदम उसळला, तरी ती उसळी पूर्ण पदरात पडत नाही.

मनीषा, इंदिरानगर: ‘फुकट’ शब्द मागे घेते. पण अर्धे विकलेला माणूस उरलेले दोन घाबरून विकत नाही, हे तुमच्या बेरजेत कुठे दिसते?

रोहित, पंचवटी: दिसत नाही, हे मान्य. तरीही घाबरटपणावर उपाय म्हणजे मुळात दोनच लॉट घेणे, असे मी म्हणेन.

अमोल, सिडको: आज दोन विकतो आणि स्ट्राइक बदलत नाही, कारण २६,००० ची मला फारशी आशा नाही. एकच अडचण आहे: या स्ट्राइकला खरेदीचा भाव ५५४ आणि विक्रीचा ५६६ दिसतो आहे.

जयंत, कॉलेज रोड: मग मार्केट ऑर्डर टाकू नका. ५६० ची लिमिट लावा, एकेक लॉट सोडा आणि घेणारा आला नाही तर दोन-दोन पॉइंटने खाली या.