मदत हवी आहे: बाबांच्या दोन हातांच्या बीपीत २४ चा फरक

बाबा ६८ वर्षांचे, मधुमेह आहे, बिडी दोन वर्षांपूर्वी सुटली. घरच्या मशीनवर उजव्या हाताला वरचं बीपी १५२, डाव्याला १२८. आधी वाटलं, पट्टा नीट बसला नसेल. म्हणून पाच मिनिटं शांत बसवून, हात छातीच्या पातळीवर टेबलावर ठेवून, आलटूनपालटून तीन दिवस मोजलं. फरक तेवढाच. दहापर्यंत चालतो, पण पंधराच्या वर कायम राहिला तर कमी बीपीच्या हाताची रक्तवाहिनी अरुंद असू शकते, हे कळलंय. दोरीवर कपडे वाळत घालताना त्यांचा डावा हात लगेच भरून येतो. छातीत-पाठीत दुखत नाही, नाहीतर तडक इस्पितळ गाठलं असतं. आता गोळीचा डोस उजव्या हातावरूनच ठरवायचा ना? हाताचा डॉपलर आधी करावा की थेट हृदयरोगतज्ज्ञांना दाखवावं? कुणाच्या घरी असं झालंय का?