पुसट कार्बन कॉप्या: काळं-पांढरं करून रंगीत स्कॅन उडवावेत का?

मीनल: टाइप केलेल्या जुन्या हिशोबाच्या कार्बन कॉप्या आहेत, सहाशेच्या आसपास पानं, शाई जांभळी आणि कागद पिवळा पडलेला. 300 डीपीआयला रंगीत स्कॅन झालेत. एक ए4 पान कॉम्प्रेस न करता 26 एमबी होतं आणि तेच काळं-पांढरं करून कॉम्प्रेस केलं की शंभर केबीच्या आसपास. माझं स्पष्ट मत, सगळं काळं-पांढरं करायचं आणि रंगीत डिलीट. शेवटी वाचायलाच ठेवतोय ना? पटत नसेल तर कारण सांगा.

समीर: शंभर टक्के सहमत. फक्त ओत्सू पद्धत वापरू नका, काळं की पांढरं ठरवणारा थ्रेशोल्ड ती अख्ख्या पानाला एकच लावते, मग एका कोपऱ्यात डाग असला की तो कोपरा काळाकुट्ट. सौवोला लावा, तो आजूबाजूचं बघून प्रत्येक ठिकाणी वेगळा आकडा काढतो त्यामुळे पुसट अक्षर सुटतच नाही. मग डिस्पेकल मारा, बारीक ठिपके गेले की पान चकाचक.

वैशाली: ओत्सूचं बरोबर आहे समीर, पण "सुटतच नाही" हे अजिबात खरं नाही आणि याच भरवशावर लोक ओरिजिनल उडवतात म्हणून जरा सविस्तर लिहिते. समजा 0 काळा ते 255 पांढरा या मापावर कागद 190 आहे आणि पुसट शाई 150, आणि सौवोला पिक्सेलभोवतीची जी खिडकी बघतो तिचा पाचवा भाग शाईचा. सरासरी येते 182 आणि स्टँडर्ड डेव्हिएशन 16. सौवोलाच्या सूत्रातला k 0.34 ठेवला तर थ्रेशोल्ड येतो साधारण 128, म्हणजे 150 ची शाई त्याच्या वरच राहिली, अख्खं अक्षर पांढरं! k 0.1 केला की तोच आकडा 166 होतो आणि अक्षर टिकतं. शाई जितकी पुसट तितका k खाली आणायचा, डीफॉल्टवर सोडून चालत नाही.

दुसरं, मीनल, तुमची शाई जांभळी आहे ना, मग साधं ग्रे करू नका. जांभळा रंग हिरवा प्रकाश जास्त खातो, त्यामुळे नुसत्या ग्रीन चॅनेलमध्ये ती अक्षरं बऱ्यापैकी गडद दिसतात. हे रंगीत फाइल हातात आहे म्हणूनच जमतं, उद्या काळी-पांढरीच उरली तर कुठून आणणार?

```python
from skimage import io
from skimage.filters import threshold_sauvola
g = io.imread("p014.tif")[:, :, 1]
bw = g > threshold_sauvola(g, window_size=51, k=0.1)
```

51 म्हणजे 300 डीपीआयला चारेक मिलिमीटर, अक्षरापेक्षा थोडी मोठी खिडकी. फार लहान घेतली तर जाड रेघा आतून पोकळ होतात.

सतीश: आमच्याकडे जुनी कागदपत्रं होती ती मी मऊ खोडरबरने हलक्या हाताने साफ केली, डाग बरेच गेले, तुम्हीपण स्कॅनच्या आधी करून बघा.

वैशाली: सतीशजी, इथे कागद नाही, स्कॅन साफ करायचं चाललंय. आणि कार्बन कॉपीला खोडरबर लावूच नका प्लीज, ती शाई वरवर बसलेली असते, डागाबरोबर अक्षरही निघून येईल.

समीर: ठीक, k चं मान्य. पण 0.1 केलं की मागच्या पानाची अक्षरं पुढे येतात त्याचं काय? माझ्याकडे पातळ कागदावर असंच झालं, कोऱ्या जागेत उलटी अक्षरं उमटली. त्यापेक्षा चार अक्षरं गेलेली परवडली, पान निदान वाचता तरी येतं.

वैशाली: होतं खरं तसं. मागची सावली 165 असेल तर तिथला थ्रेशोल्ड 168 च्या आसपास येतो, म्हणजे ती काळी होणारच. स्कॅन करताना पानामागे काळा कागद ठेवला तर नुसती दिसणारी सावली बरीच कमी होते, पण शाईच आरपार झिरपली असेल तर त्याला काही इलाज नाही. तिथे मी k पानागणिक बदलते, वेळ जातो हे कबूल. पण "चार अक्षरं गेलेली परवडली" हे हिशोबाच्या पानाला मला मान्य नाही.

मीनल: 14 नंबरच्या पानावर करून पाहिलं. ग्रीन चॅनेलने खरंच फरक पडला, तीन ओळी ज्या मला कोऱ्या वाटत होत्या तिथे मजकूर निघाला. पण मग समीरने सांगितलेलं डिस्पेकल दहा पिक्सेलवर चालवलं आणि एका रकान्यातलं 12.5 चं 125 झालं, रंगीतमध्ये टिंब स्वच्छ दिसतंय!

वैशाली: तेच होतं. अर्ध्या मिलिमीटरचं टिंब 300 डीपीआयला सत्तावीस-अठ्ठावीस पिक्सेल भरतं, पण पुसट असेल तर त्याचा गाभाच तेवढा उरतो, सात-आठ पिक्सेल, आणि प्रोग्रामला ती धूळ वाटते. देवनागरी पानावर अनुस्वार असेच जातात. आकड्यांच्या पानावर मी डिस्पेकल बंदच ठेवते, धूळ राहिली तर राहू दे.

समीर: मग सहाशे पानांचे पंधरा-सोळा जीबी कायम सांभाळायचे? आणि त्याची दुसरी कॉपी पण?

वैशाली: लॉसलेस टिफ केलं की त्याहून कमी होईल, पण हो, दोन्ही कॉप्या. काळं-पांढरं वाचायला आणि छापायला वापरा.

समीर: मला अजून पटलेलं नाही, निदान स्वच्छ गडद पानांचं रंगीत ठेवायची काय गरज?

मीनल: गडद पानांचं मी अजून ठरवलेलं नाही. पण पुसट पानं आता डिलीट करत नाहीये, आणि सगळ्या आकड्यांच्या पानांवर डिस्पेकल न लावता परत चालवतेय, टिंबं एकेक रंगीतशी ताडून बघेन.