विषय: पोराला १ जूनला २२ पूर्ण, कॅनडाच्या पीआरचा आयटीए आलाय – तातडीचं

सुनील (सध्या परभणी)
नमस्कार मंडळी. १५ एप्रिलला आयटीए, म्हणजे कायम वास्तव्याचा अर्ज करायचं बोलावणं, आला, ६० दिवस धरले तर अर्जाला १४ जूनपर्यंत वेळ आहे. आयटीए आला त्या दिवशी पोरगा २१ चाच होता, म्हणजे तो अवलंबून असलेलं मूल म्हणून आमच्या फाइलवर धरला ना? माझं आणि हिचं पीसीसी, म्हणजे पोलिसांचा दाखला, हातात आहे, त्याच्यासाठी पोलीस ठाण्यातून अजून कुणी फिरकलं नाही. खरा जन्म ऑगस्टचा, ग्रामपंचायतीत तशी नोंदही आहे. शाळेत घालताना गुरुजींनी १ जून लावली आणि पासपोर्टवर तीच आली. दुरुस्त करून घ्यावी का?

वसंतराव
अरे, इंजिनिअरिंगला आहे ना? मग काळजी सोड. २०१२ साली आमचा थोरला २४ चा असताना आमच्याच फाइलवर आला. कॉलेजचं बोनाफाइड लावलं, झालं काम.

मेधा
काका, ती सवलत ऑगस्ट २०१४ मध्ये गेली. तेव्हा फाइलवर येणाऱ्या मुलांची वयाची मर्यादा १९ वर आणली, २४ ऑक्टोबर २०१७ पासून परत २२ झाली. शिकणाऱ्या मुलांची सूट मात्र परत आली नाही.

सुनीलदादा, वय आयटीएच्या दिवशीचं धरत नाहीत, पूर्ण अर्ज पोचतो त्या दिवशीचं धरतात. त्यामुळे तुमची मुदत १४ जून नाही, ३१ मे आहे. आणि अर्ज खरोखर पूर्ण हवा. समजा २८ मेला पाठवला, त्यात एक कागद कमी निघाला आणि जुलैत परत आला, तर ती २८ तारीख गेली. नव्या अर्जाच्या दिवशी तो २२ च्या वर. एकदा वय धरलं गेलं की पुढे निकालाला वर्ष लागलं तरी चालतं, फक्त मधे त्याचं लग्न नको.

पीसीसी नाहीच मिळालं तर अर्ज केल्याची पावती आणि खुलाशाचं पत्र जोडतात, पण ते मान्य होईलच असं धरू नका. पासपोर्टला आत्ता हात लावू नका. मे महिना त्यातच जाईल, आणि दहावीची सनद, टीसी सगळीकडे १ जूनच राहील.

रोहिणी
अमेरिकेत २१ लाच बाहेर. माझ्या भाचीचा आईवडिलांमुळे मिळालेला एच-४ व्हिसा संपला, आईवडिलांचं ग्रीन कार्ड रांगेतच. शेवटी एफ-१ या विद्यार्थी व्हिसावर जावं लागलं.

वसंतराव
आपल्याकडे निम्मं गाव १ जूनचंच आहे, तारखेवरून कुणी अडवत नाही. बोनाफाइड तरी जोडच.

सचिव
व्हिसाचे प्रश्न वेगळ्या यादीवर घ्यायचे असं ठरलं आहे. इथे गणपतीच्या हॉलचं उत्तर अजून कुणी दिलेलं नाही.

मेधा
हॉलचं रात्री कळवते. हे १ जूनच्या आत व्हायचं आहे, इथेच राहू द्या.

सुनील
मेधाताई, उद्या सकाळीच ठाण्यात जातो. ३१ मे रात्री बाराला संपते ती इथल्या घड्याळाने की तिथल्या?

मेधा
त्या हिशोबात पडूच नका. २५ च्या आत पाठवा. आणि त्याची पीसीसीची पावती आजच स्कॅन करून ठेवा.