ईदच्या रात्री बाळ झालं तर त्याचा फित्रा?

सलमा:
मंडळी, जरा घाईत विचारतेय. डॉक्टरांनी दिलेली तारीख नेमकी ईदच्या तोंडावर आलीय. घरात आम्ही दोघं, दोन लहान मुलं आणि सासूबाई, मग ईदच्या नमाजआधी गरिबांना द्यायचा फित्रा पाच जणांचा की सहा? माझं माहेर शाफई पंथाचं, सासर हनफी पंथाचं, फोनवर दोन्हीकडून वेगळंच ऐकायला मिळतंय.

अनघा:
सलमा, ते वर्षभराच्या बचतीचे अडीच टक्के ना? मग बाळाचं कशाला, त्याच्याकडे कुठली बचत 🙂

रफिकभाई:
अनघाताई, अडीच टक्के ती मालावरची जकात. फित्रा माणशी असतो, तान्ह्या पोराचाही, त्याचा बाप भरतो. रोजे झाले नसतील तरी तो चुकत नाही.

सलमा, सगळं जन्माच्या वेळेवर आहे. शाफईंकडे तो शेवटच्या रोज्याचा सूर्य मावळला, म्हणजे मगरिब झाली, की लागू होतो, हनफींकडे ईदच्या पहाटे फजरला. म्हणजे बाळ मगरिबच्या आधी आलं तर दोन्हीकडे द्यायचा, फजरनंतर आलं तर कुठेच नाही, आणि रात्री दोनला आलं तर सासरच्या हिशोबाने सहा, माहेरच्या हिशोबाने पाच. सासूबाईंचं मात्र बघ, हनफींमध्ये त्यांच्याकडे गरजेपलीकडे साधारण ६१२ ग्रॅम चांदीच्या किमतीइतकं काही असेल तर त्यांचा त्यांनीच द्यायचा, मुलावर बंधन नाही, त्यांना विचारून त्याने दिला तर चालतो. तुझंही तसंच, शाफईंकडे मात्र बायकोचा नवऱ्यावर.

यास्मिन:
पण पैसे चालत नाहीत हां, धान्यच द्यावं लागतं, माझ्या वडिलांनी कायम तांदूळच दिले.

रफिकभाई:
तुमच्या वडिलांचं शाफई पद्धतीने बरोबरच, तिथे रोजच्या खाण्यातलं धान्य पूर्ण एक साअ, अंदाजे अडीच किलो. हनफींमध्ये किंमत चालते: गव्हाची धरली तर अर्धा साअ, पण त्यांचा साअ मोठा, म्हणून एक किलो सहाशे ग्रॅमच्या आसपास, आणि खजूर, मनुका किंवा जव धरले तर त्याच्या दुप्पट वजन. लोक सरसकट गव्हाचाच धरतात कारण तो स्वस्त पडतो, ऐपत असेल त्याने खजुराचा द्यावा असं मला वाटतं.

नझीर:
माझे मागच्या वर्षी एका संस्थेला ईदच्या आदल्या रात्री ऑनलाईन दिलेले पैसे गरिबांपर्यंत ईदनंतर पोचले, मग तो फित्रा झाला की नाही?

रफिकभाई:
हनफींमध्ये झाला, उशीर झाला तरी तो माफ होत नाही आणि दिला की फिटतो. पण नमाजच्या आधी देण्याची जी ताकीद आहे ती हुकली, आणि हदीसमध्ये नमाजनंतरच्या देण्याला साधा सदका, म्हणजे नुसतं ऐच्छिक दान म्हटलंय. शाफईंकडे ईदच्या दिवशी सूर्य मावळेपर्यंत मुदत, त्यापुढे विनाकारण लांबवलं तर पाप आणि वर द्यायचा बाकीच. संस्था तुमच्या वतीने वाटते, तेव्हा तुम्ही पाठवलं कधी यापेक्षा तिने गरिबाच्या हातात ठेवलं कधी ते महत्त्वाचं. पाठवण्याआधी त्यांची शेवटची तारीख विचारा. शाफईंकडे रमजानच्या पहिल्या दिवसापासूनच देता येतो, हनफींकडे त्याच्याही आधी चालतो, मग चांदरातीपर्यंत थांबायचं कशाला?

सलमा:
पाच जणांचा या आठवड्यातच पाठवते मग. बाळाच्या बाबतीत नवरा म्हणतो हनफीच धरायचं कारण देणार तो, अम्मी म्हणते रात्री झालं तर नाही. सासूबाईंच्या बांगड्यांचं वजन अजून विचारायचंय, ते कोण विचारणार यावर घरात चर्चा चालू आहे.