मदत हवी आहे: पार्सल पोचलं, तरी ग्राहकाने बँकेत चार्जबॅक टाकलाय. पुरावा कसा द्यायचा?

काजूघर_म्हापसा:
आमच्या वेबसाइटवरून पुण्याच्या एका ग्राहकाने 3 किलो काजू मागवले. कुरिअरसह 4,860 रुपये, व्हिसा कार्डाने भरले. ऑर्डर 3 तारखेची, पार्सल 5 ला पाठवलं, ट्रॅकिंगवर 8 ला 'डिलिव्हर्ड' दिसतं. आता 24 ला गेटवेचा मेल आला: माल मिळाला नाही, कारण कोड 13.1. कालच्या सेटलमेंटमधून तेवढी रक्कम कापली. उत्तर द्यायला चार दिवस आहेत. एक अडचण आहे. ऑर्डरमध्ये घरचा पत्ता होता, पण दुसऱ्या दिवशी ग्राहकाने व्हॉट्सॲपवर "हापिसांत धाडात" म्हणून सांगितलं. आम्ही तिथेच पाठवलं.

मडगावचो_दर्यो:
सेटलमेंट अडकलं म्हणजे केवायसी बघा. मी बँक खातं बदललं तेव्हा माझे सगळे पैसे रोखून धरले होते. रद्द केलेला चेक अपलोड केल्यावर सुटले.

काजूघर_म्हापसा:
नाही हो, बाकीचे पैसे येताहेत. एवढीच रक्कम गेली.

पर्वरी_टेक:
पेमेंट ओटीपीने झालंय ना? मग केस तुमचीच. ओटीपीचा रेकॉर्ड जोडा, बस्स.

हिशेबनीस_फोंडा:
ओटीपीचा उपयोग होतो तो "हा व्यवहार मी केलाच नाही" अशी तक्रार असेल तर, व्हिसात कोड 10.4. इथे पैसे मीच भरले हे ग्राहकाला मान्य आहे, फक्त माल आला नाही म्हणतो. म्हणून 13.1 मध्ये डिलिव्हरीच सिद्ध करावी लागते. ओटीपीचा रेकॉर्ड जोडा, पण शेवटच्या पानावर.

काजूघर, तुमची केस पत्त्यावर अडकेल. बँकेचा माणूस ऑर्डरमधला पत्ता आणि कुरिअरचा पत्ता शेजारी ठेवून बघतो. ते वेगळे दिसले की "चुकीच्या ठिकाणी दिलं" म्हणून निकाल जातो. त्यामुळे तुम्हाला एक साखळी दाखवायची आहे. ऑर्डरमधला मोबाइल नंबर, त्याच नंबरवरून आलेला पत्ताबदलाचा निरोप, तोच पत्ता कुरिअरच्या पावतीवर, आणि तिथे घेणाऱ्याची सही. यातली एक कडी जरी सुटली तरी उरलेल्या कागदांना वजन राहत नाही.

चॅटचा कापलेला स्क्रीनशॉट देऊ नका, त्यात नंबर दिसत नाही. संपर्क नावाने सेव्ह असेल तर प्रोफाइल उघडून नंबराचं चित्र घ्या, मग Export chat करून पूर्ण संभाषण जोडा. आणि चॅट कोकणीत आहे. तपासणारा कदाचित मुंबईत किंवा चेन्नईत बसलेला असेल. मूळ ओळ तशीच ठेवून खाली इंग्रजी भाषांतर लिहा, नाहीतर तुमचा सगळ्यात भक्कम पुरावा त्याला वाचताच येणार नाही.

काजूघर_म्हापसा:
ट्रॅकिंगच्या पानावर फक्त तारीख आणि 'पुणे' आहे. पावतीवर वजन 3.260 किलो आणि ऑफिसचा पत्ता आहे.

हिशेबनीस_फोंडा:
नुसतं 'पुणे' पुरत नाही. कुरिअरच्या शाखेला आजच लिहून डिलिव्हरीचा पुरावा मागा, म्हणजे घेणाऱ्याचं नाव, सही किंवा शिक्का असलेली प्रत. ती मिळायलाच दोन दिवस जातात, म्हणून चारांतले पहिले दोन यासाठी ठेवा. वजन कामाचं आहे: 3 किलो माल आणि 260 ग्रॅम खोका, म्हणजे रिकामं पार्सल पाठवलं नाही.

सगळं एकाच पीडीएफमध्ये घाला. पहिल्या पानावर तारखांचा क्रम पाच-सहा ओळींत, प्रत्येक ओळीसमोर पुराव्याचा पान क्रमांक. बहुतेक गेटवेंवर उत्तर एकदाच पाठवता येतं, नंतर पान वाढवता येत नाही.

नास्नोडेंची_बाय:
एवढा खटाटोप कशाला? रिफंड करून मोकळ्या व्हा.

हिशेबनीस_फोंडा:
बाय, वाद उघडा असताना वेगळा रिफंड करू नका. चार्जबॅकने रक्कम आधीच कापली आहे, वर रिफंड गेला तर पैसे दोनदा जातात. सोडायचंच असेल तर त्याच वादात 'मान्य' करावं.

काजूघर_म्हापसा:
कुरिअरकडून प्रत आली. सही ग्राहकाची नाही, ऑफिसच्या रिसेप्शनचा शिक्का आहे.

पर्वरी_टेक:
मग गेली केस. सही त्याचीच हवी.

हिशेबनीस_फोंडा:
तसं नाही. त्यानेच सांगितलेल्या पत्त्यावर कंपनीचा शिक्का हा चांगला पुरावा आहे. पण काही बँका मानतात, काही नाही, खात्री मी देणार नाही. 8 तारखेनंतर चॅटवर त्याने काही लिहिलंय का?

काजूघर_म्हापसा:
9 ला "काजू बरे आसात, पूण ल्हान" असं लिहिलंय! खाली कुठेतरी होतं, आता दिसलं.

हिशेबनीस_फोंडा:
मग ते पहिल्या पानावर, भाषांतरासह. माल हातात पडल्याशिवाय काजू लहान आहेत हे कळत नाही. मात्र तो उद्या तक्रार बदलून "वर्णनाप्रमाणे नाही" म्हणू शकतो, म्हणून वेबसाइटवरच्या काजूच्या ग्रेडचं पानही आत्ताच जपून ठेवा. त्याच्या बँकेने पुन्हा नाकारलं तर पुढे लवादापर्यंत जाता येतं, पण तिथली फी हरणाऱ्यावर पडते. 4,860 साठी मी तिथे जाणार नाही.

काजूघर_म्हापसा:
आज रात्री पाठवते. निकाल आला की इथेच लिहीन. देव बरें करूं.